दोन कॉलमचं प्रश्नपान: प्रश्न आणि पर्याय न मिसळता मजकूर कसा काढायचा

छापील प्रश्नसंच पीडीएफमधून मजकुरात आणायचा असेल, तर पहिलाच अडथळा येतो तो दोन कॉलमचा. डोळ्यांना पान अगदी स्वच्छ दिसतं. डावीकडचे प्रश्न वरून खाली वाचायचे, मग उजवीकडे वर जायचं. पण मजकूर काढून पाहिला की अकराव्या प्रश्नाच्या ओळीला तेराव्याचे पर्याय चिकटलेले असतात.

असं होतं, कारण बहुतेक पीडीएफमध्ये ‘कॉलम’ नावाचं काही साठवलेलंच नसतं. हे अक्षर पानावर या ठिकाणी, ते अक्षर त्या ठिकाणी, एवढीच नोंद असते. कोणती ओळ आधी आणि कोणती नंतर, हे मजकूर काढणारा प्रोग्रॅम जागांवरून अंदाजानं ठरवतो. साध्या लेखाच्या पानावर हा अंदाज बऱ्याचदा बरोबर येतो. प्रश्नपानावर मात्र कॉलमच्या आत पर्यायही दोन-दोनच्या जोड्यांत छापलेले असतात. म्हणजे पानावर उभ्या मोकळ्या जागा तीन होतात: डाव्या पर्यायांच्या मधली, दोन कॉलमच्या मधली आणि उजव्या पर्यायांच्या मधली. यातली खरी सीमा कोणती, हे प्रोग्रॅमला कळत नाही. म्हणून ते ठरवायचं काम आपण आपल्याकडे घ्यायचं. पान आपणच मधोमध कापायचं, प्रत्येक कॉलम वेगळा काढायचा आणि मग ओळीनं जोडायचा. पुढचं सगळं याच कामाचे तपशील आहेत.

आधी आकडे कुठे जातात ते पाहा

कुठलीही आज्ञा चालवण्याआधी पान उघडून फक्त प्रश्नक्रमांकांवर बोट फिरवा. डावीकडे ११, १२, १३ असे खाली जातात आणि उजवीकडे १४, १५ येतात का? तसं असेल तर हा नेहमीचा प्रकार. काही संचांत मात्र क्रमांक आडवे जातात: डावीकडे ११, उजवीकडे १२, त्याखाली १३ आणि १४. तिथे कॉलम कापले तरी चालतं, फक्त शेवटी प्रश्न क्रमांकानुसार पुन्हा लावावे लागतात.

तिसरा प्रकार खरा फसवा. डावीकडे ११, १२, १३ आणि उजवीकडेही ११, १२, १३. हे द्विभाषिक पान असतं. तोच प्रश्न एका बाजूला एका भाषेत आणि दुसऱ्या बाजूला दुसऱ्या भाषेत. इथे कॉलम एकामागोमाग जोडायचे नसतात, दोन स्वतंत्र फायली ठेवायच्या असतात. हे आधी पाहिलं नाही, तर प्रत्येक क्रमांक दोनदा येतो आणि चूक कुठे झाली ते शोधण्यात वेळ जातो.

त्याच फेरीत आणखी एक गोष्ट बघून ठेवा. पानाच्या पूर्ण रुंदीवर पसरलेलं काय काय आहे? वरचं शीर्षक, ‘विभाग ब’ अशी पट्टी, सूचना, तळाचा पानक्रमांक, ‘कच्च्या कामासाठी जागा’. हे सगळं कापण्याआधी बाजूला काढायचं आहे.

मजकूर आहे की चित्र?

पीडीएफमध्ये एखाद्या शब्दावर माउस ओढून बघा. शब्द निवडला गेला, तर पानात मजकूर आहे. अख्खं पान एकाच तुकड्यासारखं निवडलं गेलं किंवा काहीच निवडलं गेलं नाही, तर ते स्कॅन केलेलं चित्र आहे आणि त्याला ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणारा प्रोग्रॅम लागेल. त्याचं पुढे सांगतो.

मराठी संचांत एक मधली अवस्थाही भेटते. मजकूर निवडता येतो, पण दुसरीकडे चिकटवला की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो. तो संच युनिकोडच्या आधीच्या जुन्या फॉन्टमध्ये जुळवलेला असतो. या काल्याचा कॉलमशी काही संबंध नाही. अक्षरांच्या जागा बरोबरच असतात, म्हणून कापण्याची पद्धत तीच राहते. फक्त काढलेला मजकूर फॉन्ट-कन्व्हर्टरमधून न्यावा लागतो, नाहीतर सरळ चित्र करून ओसीआर करावं लागतं. वेलांटी शब्दात भलतीकडे सरकते, तेही याच जातीचं दुखणं. ही दुरुस्ती कॉलमच्या दुरुस्तीत मिसळू नका. आधी क्रम लावा, अक्षरं नंतर.

एक पान हातात घेऊ

समजण्यासाठी मी पाचच प्रश्नांचं एक छोटं पान बेतलं आहे. फाईलचं नाव `prashna.pdf`, पान तिसरं, कागद ए-फोर. डाव्या कॉलममध्ये अकरावा आणि बारावा प्रश्न आहे, आणि तेराव्याचं फक्त प्रश्नवाक्य. तिथे कॉलम संपतो. तेराव्याचे पर्याय उजव्या कॉलमच्या डोक्यावर गेले आहेत, आणि त्याखाली चौदावा आणि पंधरावा आहे. असा कॉलमच्या तोंडाशी तुटलेला प्रश्न मुद्दामच घेतला आहे, कारण खरी गडबड तिथेच होते.

आपण `pdftotext` वापरू. हा प्रोग्रॅम पॉपलर नावाच्या मोफत संचात येतो. पान न कापता, मांडणी जशीच्या तशी ठेवून मजकूर काढला तर असं दिसतं:

```
pdftotext -f 3 -l 3 -layout prashna.pdf sagla.txt
```

```
११. समुद्रसपाटीला शुद्ध पाणी किती       (१) २१        (२) २३
    तापमानाला उकळते?
(१) ५०° से.     (२) ८०° से.              (३) २५        (४) २७
(३) १००° से.    (४) १२०° से.             १४. १४४ चे वर्गमूळ किती?
१२. षटकोनाला किती बाजू असतात?           (१) १०        (२) ११
(१) ५           (२) ६                    (३) १२        (४) १४
(३) ७           (४) ८                    १५. ७ × ८ = किती?
१३. पुढीलपैकी मूळ संख्या कोणती?         (१) ५३        (२) ५६
                                         (३) ६३        (४) ६४
```

नजरेला हे अजूनही दोन कॉलमच दिसतं. पण फाईल ओळीओळीनं वाचणाऱ्या कुठल्याही पुढच्या कामाला पहिली ओळ ‘पाणी किती (१) २१ (२) २३’ अशीच मिळणार.

तेराव्या प्रश्नाकडे नीट पाहा. त्याच्या पुढे आणि खाली मिळून चार पर्याय आले आहेत, एक ते चार, बरोबर क्रमानं. फक्त ते पंधराव्याचे आहेत. मूळ संख्या कोणती, या प्रश्नाला ५३, ५६, ६३, ६४ असे पर्याय मिळाले आणि त्यात ५३ ही खरोखर मूळ संख्या आहे. म्हणजे प्रश्न वाचला, सोडवला, तरी खटकणार नाही. अकराव्यातला गोंधळ कुणालाही दिसेल, पण तेराव्यासारखा प्रश्न गुपचूप पुढे जातो. तपासणीकडे आलो की याच प्रश्नाकडे परत येऊ.

मधली पट्टी मोजायची

दोन कॉलमच्या मधली मोकळी पट्टी नेमकी कुठे आहे, हे अंदाजानं ठरवू नका. ‘पानाचा मध्य’ आणि ‘पट्टीचा मध्य’ एकच असेलच असं नाही. आधी पानाचं माप काढा:

```
pdfinfo -f 3 -l 3 prashna.pdf
```

उत्तरात पानाचा आकार पॉइंटमध्ये मिळतो. ए-फोर पान साधारण ५९५ पॉइंट रुंद आणि ८४२ पॉइंट उंच असतं. ७२ पॉइंट म्हणजे एक इंच. आता प्रत्येक शब्दाची जागा मागवा:

```
pdftotext -f 3 -l 3 -bbox prashna.pdf jaga.html
```

या फाईलमध्ये प्रत्येक शब्दासाठी एक ओळ असते. `xMin` म्हणजे शब्दाची डावी कड, `xMax` म्हणजे उजवी कड, `yMin` आणि `yMax` म्हणजे वरची आणि खालची. माप डावीकडून आणि वरून सुरू होतं. सगळे आकडे वाचायची गरज नाही. डाव्या कॉलममधली सगळ्यात लांब ओळ शोधा आणि तिच्या शेवटच्या शब्दाचा `xMax` बघा. आपल्या पानावर तो २८५ आहे. मग उजव्या कॉलमच्या प्रश्नक्रमांकांचा `xMin` बघा. तो ३११ आहे. म्हणजे पट्टी २८५ ते ३११, रुंदी २६ पॉइंट, आणि कापायची रेषा २९८ वर.

याच फाईलमधून वरची आणि खालची सीमा मिळते. शीर्षकाचा `yMax` ६२ आहे आणि पहिल्या प्रश्नाचा `yMin` ७८, म्हणून मजकूर ७० पासून घ्यायचा. तळाचा पानक्रमांक ८०० च्या आसपास सुरू होतो, म्हणून ७९० ला थांबायचं. म्हणजे उंची ७२० पॉइंट.

शीर्षक आणि पानक्रमांक वगळणं हा केवळ नीटनेटकेपणा नाही. डाव्या कॉलमच्या तळाशी पानक्रमांक राहिला, तर तेराव्याचं प्रश्नवाक्य आणि त्याचे पर्याय यांच्या मधोमध तो येऊन बसेल. शीर्षकाचा अर्धा तुकडा उजव्या कॉलमच्या डोक्यावर राहिला, तर तोही तिथेच घुसेल. तुटलेला प्रश्न जोडायचा तर सांध्यात काहीही परकं नको.

कापा आणि जोडा

```
pdftotext -f 3 -l 3 -layout -nopgbrk -x 0 -y 70 -W 298 -H 720 prashna.pdf dava.txt
pdftotext -f 3 -l 3 -layout -nopgbrk -x 298 -y 70 -W 297 -H 720 prashna.pdf ujva.txt
cat dava.txt ujva.txt > paan3.txt
```

`-x` आणि `-y` म्हणजे चौकटीचा डावा-वरचा कोपरा, `-W` रुंदी, `-H` उंची. वेगळं काही सांगितलं नाही तर ही मापं ७२ डीपीआयला, म्हणजे इंचाला ७२ ठिपके या हिशेबानं धरली जातात, म्हणून आपले पॉइंट जसेच्या तसे चालतात. `-nopgbrk` मुळे प्रत्येक पानाच्या शेवटी येणारं पानतोडीचं अदृश्य चिन्ह टळतं. ते चिन्हही नेमकं सांध्यातच बसतं. विंडोजच्या साध्या कमांड खिडकीत `cat` नसतं. तिथे दोन फायली कुठल्याही एडिटरमध्ये एकाखाली एक चिकटवल्या तरी काम झालं.

चौकट कापल्यावरही `-layout` का ठेवायचं, हा प्रश्न रास्त आहे. ते काढून टाकलं की प्रोग्रॅम पुन्हा स्वतःच्या अंदाजानं वाचनक्रम लावायला जातो. अशा वेळी एका कॉलममधले दोन-दोन पर्याय त्याला कधीकधी दोन छोटे कॉलमच वाटतात, आणि (१), (३), (२), (४) असा क्रम बाहेर येतो. `-layout` आडव्या ओळी अखंड ठेवतं. कॉलम वेगळा केल्यावर नेमकं तेच हवं असतं.

आता सांधा असा दिसतो:

```
१३. पुढीलपैकी मूळ संख्या कोणती?
(१) २१        (२) २३
(३) २५        (४) २७
१४. १४४ चे वर्गमूळ किती?
```

प्रश्न पानाच्या शेवटीही तुटू शकतो: उजव्या कॉलमच्या तळाशी प्रश्नवाक्य आणि पुढच्या पानाच्या डाव्या डोक्यावर पर्याय. म्हणून प्रश्न वेगळे करण्याचं काम पान-पान करू नका. आधी सगळ्या पानांचे सगळे कॉलम क्रमानं एकाच फाईलमध्ये जोडा, आणि त्यानंतर प्रश्नक्रमांकांवर तोडा.

एक सावधगिरी. पुस्तकासारख्या बांधलेल्या संचात सम आणि विषम पानांचे समास आरशासारखे उलटे असतात, बांधणीची बाजू जास्त मोकळी असते. त्यामुळे कापायची रेषा एका पानावर २९८ वर असेल, तर पुढच्यावर ती दहा-वीस पॉइंट सरकलेली असू शकते. एक सम आणि एक विषम पान मोजून घ्या आणि दोन रेषा ठेवा. चुकीची रेषा ओळखायलाही सोपी असते: एका कॉलमच्या ओळी शेवटी कुरतडलेल्या दिसतात आणि ती गळालेली अक्षरं दुसऱ्या कॉलममध्ये ओळींच्या सुरुवातीला आढळतात.

पर्याय उभे लावलेले असतील तर

आपल्या पानावर पर्याय आडवे जातात: पहिल्या ओळीत (१) आणि (२), दुसरीत (३) आणि (४). काही छापणारे ते उभे लावतात:

```
(१) २१        (३) २५
(२) २३        (४) २७
```

इथे आडवं वाचल्यावर १, ३, २, ४ असा क्रम येतो. जोवर प्रत्येक पर्यायाबरोबर त्याचा आकडा आहे, तोवर हे धोकादायक नाही. आकड्यानुसार लावून टाकायचे. खरं नुकसान होतं ते आकडे काढून टाकून ‘पहिला आला तो पहिला’ असं धरलं की. म्हणून शेवटपर्यंत पर्यायाचा आकडा पर्यायापासून वेगळा करू नका, मग अंतिम मांडणीत तो नको असला तरी.

लांबलचक पर्याय दोन ओळींत मोडलेले असतील आणि तेही दोन-दोनच्या जोडीत, तर आणखी एक अडचण येते. (१) ची दुसरी ओळ आणि (२) ची दुसरी ओळ एकाच आडव्या ओळीत येतात, आणि त्या दोघींना आकडा नसतो. तिथे कॉलमला आणखी एक उभी चीर द्यावी लागते, फक्त त्या प्रश्नापुरती. असे प्रश्न थोडे असतील तर मी सरळ हातानं टंकतो. चीर मोजण्यात त्याहून जास्त वेळ जातो.

‘जोड्या लावा’चं कोडंही असंच. ‘अ’ गट आणि ‘ब’ गट शेजारी-शेजारी छापलेले असतात. `-layout` त्यांना एका ओळीत ठेवतं, आणि तसंच राहू द्यायचं, कारण तो खरोखरच तक्ता आहे. तो फोडला तर जोड्यांचं शेजारपण जातं.

पूर्ण रुंदीची पट्टी मध्येच आली तर

उतारा किंवा ‘विभाग ब’ हे शीर्षक पानाच्या मध्यावर, दोन्ही कॉलमवर पसरून छापलेलं असेल, तर एकच उभा काप पुरत नाही. वाचणारा माणूस आधी पट्टीच्या वरचा डावा भाग वाचतो, मग वरचा उजवा, मग ती पट्टी, मग खालचा डावा आणि शेवटी खालचा उजवा. आपणही पान तसंच पाच तुकड्यांत कापायचं. समजा, पट्टी ४०० ते ४६० या उंचीवर आहे. मग वरच्या दोन तुकड्यांना `-y 70 -H 330`, पट्टीला `-x 0 -y 400 -W 595 -H 60`, आणि खालच्या दोघांना `-y 460 -H 330`. जोडतानाही तोच क्रम.

हे न करता नुसतं डावं-उजवं कापलं, तर उताऱ्याची प्रत्येक ओळ मधोमध तुटते आणि तिचे दोन अर्धे दोन फायलींत जातात. वाक्यं अर्धवट दिसली की हे लगेच ध्यानात येतं. त्यापेक्षा ‘विभाग ब’सारखं छोटं शीर्षक जास्त फसवतं. पूर्ण डावा कॉलम आधी घेतला, की विभाग ब चे डावे प्रश्न विभाग अ च्या उजव्या प्रश्नांच्या आधी येतात. दोन्ही विभागांत क्रमांक पुन्हा १ पासून सुरू होत असतील, तर हा घोळ क्रमांकांवरूनही नीट दिसत नाही.

स्कॅन केलेलं पान

स्कॅनला तीच रीत, फक्त मापं पिक्सेलमध्ये. पान ३०० डीपीआयला चित्रात बदला. पॉइंटचे पिक्सेल करायला ३०० भागिले ७२ नं, म्हणजे जवळपास ४.१७ नं, गुणायचं. आपली २९८ ची रेषा १२४२ पिक्सेलवर येते, ७० चे २९२ होतात आणि ७२० चे ३०००. स्कॅनमध्ये शब्दांच्या जागा मिळत नाहीत, म्हणून चित्र एखाद्या साध्या चित्र-एडिटरमध्ये उघडा आणि माउस पट्टीवर नेऊन पिक्सेलचा आकडा तिथूनच घ्या.

```
pdftoppm -r 300 -f 3 -l 3 -x 0 -y 292 -W 1242 -H 3000 -png -singlefile prashna.pdf dava
tesseract dava.png dava -l mar+eng --psm 6 -c preserve_interword_spaces=1
```

`pdftoppm` कॉलमचं चित्र करतं आणि `tesseract` त्या चित्राचं ओसीआर करतं. उजव्यासाठी `-x 1242` आणि `-W 1238`. `--psm 6` म्हणजे ‘हा मजकुराचा एकसलग ठोकळा आहे असं धर’. कापलेल्या कॉलमवर हे छान चालतं, पर्यायांच्या ओळी अखंड राहतात. मात्र न कापलेल्या पानावर हाच पर्याय दिला, तर दोन्ही कॉलम सरळ आडवे वाचले जातात. `preserve_interword_spaces` मुळे (१) आणि (२) यांच्यातली मोठी जागा टिकते आणि पर्याय वेगळे करणं सोपं जातं. कॉलममध्ये आकृती असेल, तर ओसीआर तिच्या रेघांतून अक्षरं शोधून काढतं. ती जागा आधी पांढरी करा किंवा तो कचरा नंतर पुसा.

स्कॅनमध्ये सगळ्यात जास्त त्रास देतो तो तिरपेपणा. पान १ अंशानं कललं असेल, तर ३००० पिक्सेल उंचीत पट्टी सुमारे ५२ पिक्सेल सरकते. आपली २६ पॉइंटची पट्टी १०८ पिक्सेल रुंद आहे. म्हणजे १ अंशापर्यंत सरळ काप पट्टीच्या आतच राहतो, पण २ अंशांना तो वरच्या टोकाला एका कॉलमला आणि खालच्या टोकाला दुसऱ्याला टेकतो. म्हणून कललेलं पान आधी सरळ करा आणि मगच कापा. इमेजमॅजिक असेल तर पूर्ण पानाच्या चित्रावर असं:

```
magick paan.png -deskew 40% +repage saral.png
```

सरळ केल्यावर चित्राचा आकार किंचित बदलू शकतो, म्हणून पट्टी पुन्हा मोजून घ्या. जाड पुस्तकाच्या स्कॅनमध्ये बांधणीजवळचा मजकूर वाकलेला असतो. तो फिरवून सरळ होत नाही. ते पान पुन्हा दाबून स्कॅन करणं हाच त्यातल्या त्यात कमी कष्टाचा मार्ग.

तपासणी: नुसते चार पर्याय मोजून भागत नाही

जोडलेल्या फाईलवर ही छोटी पायथन स्क्रिप्ट चालवा. ती ओळीच्या सुरुवातीचा प्रश्नक्रमांक शोधते आणि त्यापुढे कंसातले कोणते आकडे आले ते छापते. मराठी आणि इंग्रजी दोन्ही अंक चालतात.

```python
import re
t = open("paan3.txt", encoding="utf-8").read()
p = re.split(r"(?m)^\s*(\d+)\.\s+", t)
for n, body in zip(p[1::2], p[2::2]):
    print(n, re.findall(r"\(([1-4१-४])\)", body))
```

नीट कापलेल्या फाईलवर ११ ते १५ हे पाचही क्रमांक ओळीनं येतात आणि प्रत्येकापुढे १, २, ३, ४. आता हीच स्क्रिप्ट सुरुवातीच्या न कापलेल्या `sagla.txt` वर चालवली तर:

```
११ ['१', '२', '१', '२', '३', '४', '३', '४']
१२ ['१', '२', '१', '२', '३', '४', '३', '४']
१३ ['१', '२', '३', '४']
```

१, २, १, २, ३, ४, ३, ४ ही कॉलम मिसळल्याची खूण आहे. ती दिसली की आणखी कुठे शोधायची गरज नाही, पान कापलंच गेलेलं नाही किंवा रेषा चुकली आहे. १, ३, २, ४ दिसलं तर पर्याय उभे छापलेले आहेत. एखाद्या क्रमांकापुढे काहीच नाही आणि मागच्याकडे भलतेच जास्त, तर सांध्यात गडबड आहे. ‘जोड्या लावा’त गटातल्या ओळींनाही (१), (२) असे आकडे असतील तर जास्तीचे दिसतील, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

आणि तेरावा प्रश्न? त्याची ओळ बिनचूक दिसते आहे. फक्त पर्याय मोजणारी तपासणी त्याला पास करेल. त्याची चूक उघड होते ती दुसऱ्या गोष्टीवरून: १४ आणि १५ यादीत नाहीतच. म्हणून क्रमांकांची साखळी आधी बघा आणि पर्याय नंतर. एक जरी क्रमांक गळालेला असेल, तर त्याच्या शेजारच्या प्रश्नांवर, ते कितीही नीट दिसोत, विश्वास ठेवू नका.

साखळीही पूर्ण आणि पर्यायही चार, तरीही अदलाबदल झाली असेल, तर ती पकडायला उत्तरतालिका उपयोगी पडते. तेराव्याचं उत्तर तालिकेत (२) आहे, कारण खऱ्या पर्यायांत २३ दुसरा आहे. चुकीच्या पर्यायांतून सोडवलं तर ५३, म्हणजे (१) येतं. सगळे प्रश्न सोडवत बसायचं कारण नाही. प्रत्येक पानावरचे तीन प्रश्न निवडा: डाव्या कॉलमचा शेवटचा, उजव्याचा पहिला आणि उजव्याचा शेवटचा. कॉलमचे आणि पानांचे सांधे याच तीन जागी असतात. उत्तर जुळलं नाही, तर आधी मूळ छापील पान उघडून पर्याय ताडून बघा. तालिका चुकली असेल ही शंका त्यानंतर.